जुन्या लेखापर्यंत वाचक कसा पोहोचेल?

गूगल एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते ते मुख्यतः दुव्यांवरून. म्हणून ज्या जुन्या लेखाकडे आपल्याच संकेतस्थळावरून एकही दुवा जात नाही, तो मागे पडतो.

समजा, उकडीच्या मोदकांची पाककृती खूप वाचली जाते, तिला बाहेरून दुवेही मिळालेत. पण तांदळाच्या पिठीवरचा जुना लेख कुणाला सापडत नाही. गूगलवर आपला पत्ता घालून `site:example.com पिठी` असे शोधा. पिठीचा उल्लेख असलेली पाने दिसतील. मोदकांच्या कृतीत पारी चिरते असे जिथे लिहिले आहे, तिथेच ‘मोदकासाठी पिठी कशी करावी’ या शब्दांवर दुवा द्या. नुसत्या ‘इथे वाचा’वरून पुढे काय आहे ते वाचकाला कळत नाही, गूगललाही नाही. मात्र दुव्यांची गर्दी नको. पानाचे वजन त्यांच्यात वाटले जाते.