कानासाठी कथा उतरवताना

छापलेलं वाक्य कळलं नाही तर वाचक पुन्हा मागे जातो. रेडिओ ऐकणाऱ्याला ती सोय नाही. त्यात मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात कुणी काय केलं हे कळेपर्यंत त्याला सगळे तपशील डोक्यात धरून ठेवावे लागतात. समजा, कथेत हे वाक्य आहे:

‘गेल्या आषाढात नवरा वारल्यापासून माहेरी, भावाच्या वाड्यातल्या मागच्या खोलीत राहणाऱ्या आणि कुणाशी फारसं न बोलणाऱ्या सुमनने दारात आलेल्या पोस्टमनकडून पाकीट थरथरत्या हातांनी घेतलं.’

कागदावर यात काही खटकत नाही. मोठ्याने वाचलं तर मात्र ‘सुमनने’पर्यंत दम संपत येतो आणि पाकीट घाईत उरकतं. वाक्य असं फोडता येईल. एक तिरकी रेघ म्हणजे चटकन घेतलेला श्वास, दोन म्हणजे पुरता थांबा:

‘गेल्या आषाढात सुमनचा नवरा वारला. / तेव्हापासून ती माहेरीच होती, भावाच्या वाड्यात, मागच्या खोलीत. / कुणाशी फारसं बोलत नसे. // दारात पोस्टमन आला. / सुमनने पाकीट घेतलं. / तिचे हात थरथरत होते.’

शब्द जवळजवळ तेवढेच आहेत. ‘राहणाऱ्या’, ‘न बोलणाऱ्या’ ही विशेषणं सुटून त्यांची स्वतंत्र वाक्यं झाली. नाव पहिल्याच वाक्यात आलं. थरथरणारे हात शेवटी गेले, कारण पुढच्या श्वासापर्यंत ऐकणाऱ्याच्या मनात तेच राहायला हवेत.

रेघ कुठे मारायची नाही, हेही ठरलेलं असावं. ‘भावाच्या’ आणि ‘वाड्यात’ यांच्यामध्ये नाही. ‘बोलत’ म्हणून थांबलात आणि मग ‘नसे’ म्हणालात, तर क्षणभर उलटाच अर्थ पोचतो. पान उलटताना वाक्य अर्धं राहू नये. माइक कागदाची सळसळही पकडतो. संवादात छापील कथा ‘म्हणाला’ शेवटी ठेवते, पण रेडिओवर कोण बोलतंय हे आधी कळलेलं बरं, निदान पात्र नवं असेल तेव्हा तरी.

तोडण्याचा अतिरेकही होतो. सगळीच वाक्यं तीन-चार शब्दांची झाली की कथा बातमीपत्रासारखी ठकठक वाजू लागते. पात्र घाबरून पळत असेल तर तिथलं लांब वाक्य खुशाल ठेवावं. वाचणाऱ्याला लागलेली धाप तिथे कामाचीच असते. परीक्षा सोपी आहे: उभं राहून, नेहमीच्या वेगाने, मोठ्याने वाचा. ज्या शब्दावर आवाज खाली पडतो, त्याच्या आधी कुठेतरी एक रेघ राहून गेली आहे.

आणि कात्री उचलण्यापूर्वी लेखकाची लेखी परवानगी घ्या. लेखक हयात नसेल, तर निधनानंतर ६० वर्षं हा हक्क वारसांकडे किंवा ज्याच्या नावे केला असेल त्याच्याकडे असतो.