शीर्षटीप, न्यायनिर्णयाची

न्यायनिर्णयाच्या प्रारंभी त्यातील वादप्रश्न, निर्णयाची कारणे आणि निष्पत्ती थोडक्यात देणारा मजकूर म्हणजे शीर्षटीप. नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टरसारख्या निर्णयसंग्रहांत ती संपादक तयार करतो. ती न्यायनिर्णयाचा भाग नसते. म्हणून न्यायालयात आधार दाखवावयाचा असल्यास मूळ निर्णयातील परिच्छेदच उद्धृत करावा लागतो. विधीच्या विद्यार्थ्यास मात्र निर्णय समजला की नाही, याची परीक्षा स्वतः शीर्षटीप लिहिण्याने होते.

निर्णय वाचताना प्रथम शेवटचा आदेश पाहावा, नंतर खालच्या न्यायालयांचे निर्णय. ज्या मुद्द्यावर वरच्या व खालच्या न्यायालयांचा मतभेद झाला, तोच बहुधा वादप्रश्न असतो. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य (एआयआर १९७९ सर्वोच्च न्यायालय १८५) हा निर्णय या दृष्टीने उद्बोधक आहे. २६ मार्च १९७२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली) देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निर्णय फिरवून एकास बलात्काराबद्दल पाच वर्षे, तर दुसऱ्यास विनयभंगाबद्दल एक वर्ष कैदेची शिक्षा दिली. भीतीपोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हा खंडपीठाच्या निर्णयाचा आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी ही शिक्षा रद्द केली.

मतभेदाचे स्थळ यावरून स्पष्ट होते. शरीरसंबंध झाला, हे उच्च न्यायालयाने मानले होते. प्रश्न संमतीचा व भीतीचा होता. मुख्य आरोपीपुरती शीर्षटीप अशी होईल :

वादप्रश्न : भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ खाली, मृत्यूच्या वा दुखापतीच्या भीतीने संमती मिळविली असे म्हणण्यास ती भीती अभियोग पक्षाने शाबीत करणे आवश्यक आहे काय?

कारणे : गुन्ह्याचा प्रत्येक घटक शाबीत करण्याचा भार अभियोग पक्षावर आहे. कलमातील भीती मृत्यूची वा दुखापतीची असली पाहिजे. तशी भीती दाखविणारा पुरावा नाही; परिस्थितिजन्य पुराव्यावरून केवळ दोषाचेच अनुमान निघते असेही नाही. अंगावर इजेच्या खुणा नसल्याने प्रतिकाराची हकीकत न्यायालयाने विश्वसनीय मानली नाही.

निष्पत्ती : अपील मंजूर; शिक्षा रद्द.

विद्यार्थ्यांची चूक बहुधा शेवटच्या कारणाबाबत होते. ‘इजेच्या खुणा नसल्यास संमती गृहीत धरावी’ असा विधिनियम न्यायालयाने घालून दिला, असे ते लिहितात. वस्तुतः ते त्या खटल्यातील पुराव्याचे मूल्यमापन होते. चूक ओळखण्याचा उपाय असा : वाक्यातून त्या खटल्याची हकीकत वगळून पाहावी. उरलेले विधान दुसऱ्या खटल्यास लागू करण्याइतके व्यापक व न्यायालयाने तसे मांडलेले असेल, तरच तो विधिनियम. अन्यथा तो तथ्याचा निष्कर्ष. शाबितीच्या भाराचे विधान या कसोटीस उतरते, इजेच्या खुणांचे उतरत नाही.

दुसरी चूक म्हणजे निर्णय आणि त्यावरील टीका यांची सरमिसळ. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धागमवार या विधी अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून, संमती व निमूट शरणागती यांतील भेद न्यायालयाने दुर्लक्षिल्याची टीका केली. हे पत्र निर्णयाच्या कारणांत घालता येत नाही. न्यायालय जे म्हणाले तेवढेच शीर्षटिपेत येते, मग ते लिहिणाऱ्यास कितीही अमान्य असो.

मात्र नंतरचा विधी न नोंदविता ही टीप वाचकाच्या हाती देणे घातक ठरेल. १९८३ च्या दुरुस्ती अधिनियमाने पुरावा अधिनियमात कलम ११४ क समाविष्ट झाले. त्यानुसार कोठडीतील बलात्कारासारख्या विनिर्दिष्ट प्रकरणी शरीरसंबंध शाबीत झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने संमतीचा अभाव गृहीत धरावयाचा असतो. १ जुलै २०२४ पासून तशी तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. म्हणून टिपेखाली वेगळ्या ओळीत ‘निर्णय १९७२ च्या घटनेस तत्कालीन विधी लावून दिलेला, पुढे विधीत बदल’ असे लिहावे. ही ओळ नसल्यास, बदललेला नियम चालू आहे असे समजून वाचणारा त्यावर युक्तिवाद उभा करील, आणि टीप शब्दशः अचूक असूनही त्याची दिशाभूल होईल.