काच नवी, आवाज दबका

टेम्पर्ड ग्लास बसवून घेतलेल्या एखाद्या शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. संध्याकाळी मुलाचा फोन येतो. त्याचा आवाज येतो, पण तोंडावर पांघरूण घेऊन बोलल्यासारखा. ‘शनिवारी येतो’ म्हणाला की ‘रविवारी’, तेही नीट कळत नाही. आवाज पूर्ण वाढवूनही फरक पडत नाही. फोन कानापासून दूर केला तरी स्क्रीन काळीच राहते, त्यामुळे कॉल कापताही येत नाही. दुकानदार म्हणतो, ‘स्पीकर गेला, बदलावा लागेल.’

पैसे मोजण्याआधी एक साधी चाचणी करावी. कॉल चालू असतानाच लाउडस्पीकर लावायचा आणि मग इअरफोन जोडून ऐकायचं. दोन्हीकडे आवाज स्वच्छ आणि फक्त कानाशी दबका असेल, तर नेटवर्कचा दोष नाही. बिघाड इअरपीसच्या वाटेतच आहे. उलट, एकाच माणसाचा आवाज सगळीकडे दबका येत असेल, तर त्याच्या माइककडे किंवा लाइनकडे संशय वळवावा.

आजच्या बहुतेक फोनमध्ये इअरपीसची फट स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला, केसभर रुंदीची असते. गार्ड एखादा मिलिमीटर जरी वर सरकला, तरी तिचा मोठा भाग झाकला जातो. अशा वेळी सगळा आवाज सारखा कमी होत नाही. जाडे, खालचे स्वर बऱ्यापैकी पोहोचतात आणि बारीक, वरचे ध्वनी अडतात. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख नेमकी या वरच्या ध्वनींवर अवलंबून असते. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं, शब्द मात्र कळत नाहीत, आणि आवाज वाढवून उपयोग होत नाही.

काळ्या स्क्रीनचं कारणही बहुधा तिथेच सापडतं. इअरपीसजवळ प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि तो गालावरून परतला की स्क्रीन बंद करतो. गार्डची काळी किनार किंवा काचेखालचा हवेचा बुडबुडा त्याच्यासमोर आला, तर प्रकाश तिथूनच परततो आणि फोनला वाटतं, कान अजून जवळच आहे. काही फोनमध्ये असा वेगळा सेन्सर नसतो. इअरपीसमधूनच माणसाला न ऐकू येणारा ध्वनी सोडून माइकने त्याचा प्रतिध्वनी टिपला जातो. तिथे एक फट बुजली की दोन्ही कामं एकदम बिघडू शकतात. आवाज आणि सेन्सर एकाच दिवशी रुसले असतील, तर पहिला संशय गार्डवरच घ्यावा.

गार्ड काढून पाहणं हीच खरी परीक्षा. आपल्या शिक्षिकाबाईंनी तो काढला, तेव्हा स्क्रीन लगेच ताळ्यावर आली, पण आवाज अर्धाच सुधारला. उरलेला दोष जाळीत होता. गार्ड लावताना काच आधी ओल्या वाइपने पुसतात. वर्षभर जाळीवर साचलेली धूळ आणि कानातला मळ त्या ओलाव्याने सैल होऊन आत सरकतो आणि सुकल्यावर तिथेच घट्ट बसतो. तो काढायला मऊ केसांचा, कोरडा, स्वच्छ टूथब्रश पुरतो. फोन बंद करून स्क्रीन जमिनीकडे करावी, म्हणजे सुटलेला कचरा खाली पडतो, आणि ब्रश फटीच्या लांबीने हलक्या हाताने फिरवावा. टाचणी कधीही घालू नये, कारण जाळीमागचा पडदा अगदी पातळ असतो. तोंडाने फुंकर मारली तर आत दमट हवा जाते. दाबाच्या हवेने तर जाळीच निसटू शकते.

एवढं करूनही आवाज दबकाच असेल, तर इअरपीस तपासावा. अनेक सॅमसंग फोनमध्ये डायल पॅडवर *#0*# टाइप केलं की चाचणीचा मेनू उघडतो. त्यातलं Receiver हे बटण दाबून फोन कानाला लावायचा. सूर खरखरत, फाटून किंवा तुटक येत असेल, तर पडदा अथवा जोडणी बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. लेथवर काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये आणखी एक कारण आढळतं: इअरपीसमध्ये चुंबक असतो, त्यामुळे लोखंडाचा बारीक कीस जाळीला चिकटतो आणि ब्रशने सहज सुटत नाही. चिकट टेपचा तुकडा हलकेच टेकवून उचलला, तर त्यातला काही निघतो.

वक्र स्क्रीनवर पातळ गोंद ओतून, तो अतिनील दिव्याखाली वाळवून बसवायच्या गार्डबाबत विशेष जपावं. वाळण्याआधी हा गोंद फटीत उतरला, तर जाळीतच कडक होतो आणि ब्रशने निघत नाही. मग इअरपीस किंवा जाळी बदलण्याची वेळ येऊ शकते, आणि ते नुकसान वॉरंटीत धरलं जाईलच असं नाही. असा गार्ड लावायचाच असेल, तर गोंद ओतण्याआधी दुकानदाराला इअरपीसची फट टेपने बंद करायला सांगावं आणि टेप निघाल्यावर दुकानातच एक कॉल करून आवाज ऐकावा.