पलंग आहे तेवढाच दिसावा म्हणून

फर्निचरच्या कॅटलॉगमधली बेडरूम पाहताना हल्ली असं धरूनच चालावं, की ही खोली कदाचित कुठेच अस्तित्वात नाही. २००६ साली इकिया या स्वीडिश कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ‘बर्टिल’ नावाच्या लाकडी खुर्चीचं संपूर्णपणे संगणकावर घडवलेलं चित्र छापून आलं. पुढे अख्ख्या खोल्या तशा तयार होऊ लागल्या. लाकडाचे रेषे, चादरीच्या सुरकुत्या, खिडकीतून येणारं ऊन हे सगळं आज इतकं खरं उतरतं, की फोटो कोणता आणि रेंडर कोणतं हे सांगता येत नाही. तरीही पलंगाच्या चित्रात एक चूक वारंवार दिसते. कापड, लाकूड, उजेड सगळं चोख असतं; पलंग मात्र लांबुडका वाटतो, पायथ्याकडे पसरलेला आणि उशाकडे आवळलेला. गिऱ्हाईक त्या चित्रावरून आपल्या खोलीत काय मावेल याचा अंदाज बांधतं, म्हणून ही चूक मला चादरीच्या चुकलेल्या रंगापेक्षा कितीतरी गंभीर वाटते.

चूक होते कशी, ते एका नेहमीच्या खोलीवर पाहू. दहा बाय बाराची बेडरूम, म्हणजे ३.०५ मीटर रुंद आणि ३.६६ मीटर लांब. तिच्यात क्वीन साइझचा पलंग. गादी साठ बाय अठ्ठ्याहत्तर इंचांची, चौकटीसकट पलंग १.६ मीटर रुंद आणि २.०६ मीटर लांब. हेडबोर्ड मागच्या भिंतीला टेकलेला. आता समोरच्या भिंतीला पाठ लावून उभं राहिलं, तर कॅमेरा मागच्या भिंतीपासून साधारण साडेतीन मीटरवर येतो. एवढ्या जवळून खोली चित्रात मावावी म्हणून १८ मिलीमीटरची वाइड लेन्स लावली जाते. पलंगाचा पायथा कॅमेऱ्यापासून जेमतेम १.४४ मीटरवर आणि उशाकडची बाजू साडेतीन मीटरवर. उशाकडची बाजू जवळजवळ अडीचपट दूर आहे, म्हणून चित्रात ती तितक्याच पटीने लहान येते. चौकटीच्या रुंदीपैकी पायथा ५६ टक्के जागा व्यापतो आणि उशाकडची बाजू फक्त २३ टक्के. दोन माणसांचा पलंग उशाशी एकट्याचा दिसू लागतो.

याचा दोष सगळे लेन्सला देतात. खरं तर पर्स्पेक्टिव्ह ठरतो तो कॅमेरा कुठे उभा आहे त्यावरून. त्या जागेवरून दिसणाऱ्या दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यायचा, एवढंच लेन्स ठरवते. म्हणून उपाय मागे सरकण्याचा आहे. फोटोग्राफरला भिंत आडवी येते, संगणकावर काम करणाऱ्याला येत नाही. त्याने कॅमेरा खोलीबाहेर, मागच्या भिंतीपासून सहा मीटरवर न्यावा आणि लेन्स ५० मिलीमीटरची करावी. पायथा आता ३.९४ मीटरवर आला, पण लेन्स बदलल्यामुळे चौकटीत तो पूर्वीइतकाच, ५६ टक्के रुंद दिसतो. उशाकडची बाजू मात्र २३ वरून ३७ टक्क्यांवर जाते. पलंग तोच, पायथा तेवढाच, आणि तरीही तो एकदम दोघांचा दिसू लागतो.

मधली भिंत काढून टाकण्याचा मोह मात्र आवरायला हवा. ती काढली की तिच्यावरून परतणारा उजेडही जातो, बाहेरचा प्रकाश आत शिरतो आणि खोली नाटकाच्या सेटसारखी उघडी वाटू लागते. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्या भिंतीच्या `Ray Visibility` मधली फक्त `Camera` ही खूण काढता येते. सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनमध्ये मग भिंत कॅमेऱ्याला दिसत नाही, उजेडाला मात्र अडवते आणि परतवते.

दुसरी गडबड उभ्या रेषांची. कॅमेरा जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर, अगदी सपाट धरला, तर आपल्या चित्रात पलंगाचे पुढचे पाय खाली कापले जातात. मग हात आपसूक कॅमेरा सहा-एक अंश खाली झुकवतो. पाय चौकटीत येतात, पण कपाटाच्या कडा, दाराची चौकट आणि खोलीचे कोपरे खालच्या बाजूला एकमेकांकडे झुकू लागतात. पाहणाऱ्याला कारण कळत नाही. खोली कलंडल्यासारखी वाटते एवढंच जाणवतं. वास्तूंचे फोटोग्राफर यासाठी फार पूर्वीपासून लेन्स खालीवर सरकवता येणारे कॅमेरे वापरत आले आहेत, आणि सॉफ्टवेअरमधल्या कॅमेऱ्यालाही तीच सोय असते. कॅमेरा सपाटच ठेवावा आणि `Shift Y` मध्ये उणे ०.१४ च्या आसपास आकडा द्यावा. चौकट तेवढी खाली सरकते, पलंगाचे पाय आणि थोडी फरशी आत येते आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. छत चित्राबाहेर जातं, पण पलंगाच्या चित्रात त्याची उणीव भासत नाही.

हे सगळं नीट करूनही पलंगच मुळात चुकीच्या मापाचा असेल, तर कॅमेरा काही करू शकत नाही. त्यात सर्वांत जास्त घात करते ती घाई. क्वीनचं मॉडेल तयार असतं आणि किंग हवा असतो. रुंदी साठ इंचांवरून बहात्तर करायची, म्हणजे एका दिशेने १.२ पट ताणलं की झालं! पण ताणताना खांबही वीस टक्के जाड होतात, लाकडाचे रेषे फाकतात, हेडबोर्डवरची गोल बटणं लंबगोल होतात. योग्य पद्धत जरा वेळखाऊ आहे: खांब, बटणं, उशा आहेत तशा ठेवायच्या, आणि पलंगाच्या मध्यापासून डावा आणि उजवा भाग प्रत्येकी सहा इंच बाहेर सरकवायचा. हेडबोर्डवर बटणांची आणखी एखादी रांग लागली, तर तीही घालायची, कारण कारखान्यात सुतार आणि गादीवाला नेमकं तेच करतात.

उशांकडे तर विशेष लक्ष द्यावं. पलंगाचं माप डोळा त्यांच्यावरूनच घेतो. आपल्याकडची नेहमीची उशी सुमारे सत्तावीस इंच लांब असते. क्वीनवर अशा दोन उशा शेजारीशेजारी ठेवल्या की सहा इंचच उरतात. किंगवर अठरा उरतात. चित्रात क्वीनवर दोन उशांमध्ये हातभर जागा दिसली, तर उशा लहान केल्या आहेत हे ओळखावं. चुकून केल्या असोत वा मुद्दाम, त्याने गिऱ्हाइकाची फसवणूकच होते.

छापायला जाण्यापूर्वी दोन गोष्टी तपासता येतात. चित्रावर पट्टी ठेवून पलंगाच्या दोन्ही लांब कडा मागे वाढवाव्यात. पलंग भिंतीला काटकोनात असेल, तर त्या फरशीच्या सांध्यांच्या आणि बाजूच्या भिंतींच्या रेषांना एकाच बिंदूत मिळाल्या पाहिजेत. तो बिंदू कॅमेऱ्याच्या उंचीवर असतो. म्हणजे आपल्या खोलीत १.१ मीटर उंचीचा हेडबोर्ड त्याच्या किंचित खाली राहिला पाहिजे. वर गेला तर एक तर हेडबोर्डचं माप चुकलं आहे किंवा पलंग दुसऱ्या कुठल्या तरी चित्रातून आणून इथे डकवला आहे. दुसरी तपासणी चौकटीच्या टोकाला ठेवलेल्या गोल दिव्याची. १८ मिलीमीटरच्या लेन्सने तिथला गोल चाळीस टक्क्यांनी ताणला जातो, ५० च्या लेन्सने सहाच टक्क्यांनी. दिवा अंडाकृती दिसला, तर कॅमेरा अजून फार जवळ आहे.

एक मर्यादा मात्र उरतेच. भिंतीपलीकडे उभ्या केलेल्या कॅमेऱ्यातून दिसणारी खोली तिच्यात राहणाऱ्या माणसाला कधीच तशी दिसणार नाही. पलंगाचं प्रमाण खरं उतरतं, पण खोली प्रत्यक्षापेक्षा ऐसपैस भासते. १.६ मीटरचा पलंग ३.०५ मीटरच्या खोलीच्या मधोमध ठेवला, तर दोन्ही बाजूंना सुमारे ७२ सेंटिमीटर उरतात. ४५ सेंटिमीटरचा साइड टेबल ठेवला की त्याच्या बाजूला २७. म्हणून अशा चित्राशेजारी वरून पाहिलेला साधा नकाशा, पलंगाची बाहेरची मापं आणि ही उरलेली जागा छापलीच पाहिजे, आणि तीही चित्राखालच्या बारीक अक्षरांत नव्हे, किमतीइतक्याच ठसठशीत टायपात.