समीक्षकांचे अभिप्राय हाती, शोधनिबंध मात्र नाही : उत्तराची आखणी कशी करावी?



गेल्या पावसाळ्यात एका स्नेही वैद्यांचा ई-मेल आला. जानुगत संधिवातावर रास्नासप्तक क्वाथाचा त्यांनी अभ्यास केला होता व त्यावरील शोधनिबंध एका नियतकालिकाकडे पाठविला होता. समीक्षकांचे अभिप्राय आले. ते त्यांनी ई-मेलमध्ये जसेच्या तसे उतरवून खाली एवढेच लिहिले होते : ‘आपणांस लिखाणाची सवय आहे. प्रत्येक मुद्द्यास शोभेल असे उत्तर लिहून द्यावे. मुदत २१ दिवसांची आहे.’ सोबत शोधनिबंध नव्हता आणि संपादकांचे पत्रही नव्हते.

रुग्ण समोर नसताना दुसऱ्या वैद्याच्या चिठ्ठीवरून चिकित्सा लिहून देण्यासारखाच हा प्रसंग. दर्शन नाही, स्पर्शन नाही. हाती उरतो तो केवळ प्रश्न. परंतु प्रश्न नेमके विचारले, तर बरेच काम होते. ते कसे होते, हे या एका उदाहरणावरून मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अशा अभ्यासांत औषध पुरविणाऱ्या औषधालयचालकांनाही यातील एक भाग थेट लागू पडतो.

अभिप्राय काय होते?

अभिप्रायांचा सारांश सहा मुद्द्यांत सांगता येतो.

१. रुग्णांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली असे म्हटले आहे. पद्धत दिलेली नाही.
२. नीतिसमितीची मान्यता व चिकित्सा-चाचणी नोंदणीचा (सीटीआरआय) क्रमांक आढळत नाही.
३. रास्ना म्हणून कोणती वनस्पती वापरली व क्वाथ कसा सिद्ध केला, ते स्पष्ट करावे.
४. पृष्ठ ६, ओळ ११२ येथे प्रत्येक गटात ३० रुग्ण आहेत. तक्ता ३ मध्ये २७ व २८ आहेत.
५. प्रत्येक गटातील आधीचा व नंतरचा फरक दिला आहे. दोन गटांची परस्पर तुलना नाही.
६. ‘श्रेष्ठ व पूर्णतः निर्धोक’ हा निष्कर्ष पुराव्यापेक्षा अधिक आहे.

पहिल्या वाचनातच एक गोष्ट ध्यानात आली. दुसऱ्या गटाला कोणते औषध दिले, हे या सहाही मुद्द्यांत कोठेच नव्हते. समीक्षकाने निबंध वाचलेला असतो, म्हणून तो ते पुन्हा सांगत नाही. अभिप्रायांवरून निबंधाची जी प्रतिमा मनात उभी राहते, ती अशी अपुरी असते, हे सतत स्मरणात ठेवावे लागते.

मुद्द्यांची वर्गवारी

प्रत्येक मुद्द्यापुढे मी एकच प्रश्न लिहिला : याचे उत्तर कोठे आहे? त्यातून तीन वर्ग झाले.

पहिल्या वर्गातील उत्तर अभिप्रायातच असते. येथे सहावा मुद्दा तसा होता. निबंध न पाहताही ‘श्रेष्ठ’ व ‘पूर्णतः निर्धोक’ हे शब्द मागे घ्यावेत, असे सांगता येते. साठ रुग्णांवरून कोणतेही औषध पूर्णतः निर्धोक ठरत नाही. त्यांच्या जागी कोणते वाक्य यावे, ते मात्र पाचव्या मुद्द्याच्या उत्तरावर अवलंबून राहते.

दुसऱ्या वर्गातील उत्तर शोधनिबंधात असते. चौथ्या मुद्द्याचा आरंभ येथे होतो, कारण ओळ ११२ वर काय लिहिले आहे ते पाहावेच लागते. येथे सावधगिरीची एक सूचना. पृष्ठ व ओळींचे क्रमांक नियतकालिकाच्या संकेतस्थळाने तयार करून समीक्षकांकडे पाठविलेल्या पीडीएफ प्रतीशीच जुळतात. लेखकाच्या संगणकावरील फाइल, आणि त्यातही नंतर दुरुस्त केलेली, त्यांच्याशी जुळत नाही. म्हणून ‘निबंध पाठवा’ असे मोघम न लिहिता ‘सादर केलेली पीडीएफ प्रत पाठवा’ असे लिहावे.

तिसऱ्या वर्गातील उत्तर निबंधातही नसते. ते केसपेपर, औषधालयाची नोंदवही किंवा समितीचे पत्र यांत असते. पहिले पाच मुद्दे शेवटी याच वर्गात गेले. निबंध मिळाला की काम भागेल, ही समजूत त्यामुळे दूर झाली. समीक्षकाने जे विचारले ते निबंधात नव्हते, म्हणूनच तर त्याने विचारले.

मागावयाचे काय, आणि का?

व्यग्र वैद्यास पंधरा कागदांची यादी धाडली, तर एकही कागद येत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून प्रथम तीनच गोष्टी मागितल्या : संपादकांचे पत्र, सादर केलेली पीडीएफ प्रत, आणि नीतिसमितीच्या मान्यतेची, सीटीआरआय नोंदणीची व पहिला रुग्ण घेतल्याची अशा तीन तारखा. संपादकांच्या पत्रावरून सुधारणा मागितली आहे की निबंध नाकारला आहे, हे कळते. तीन तारखांवरून पुढे जाण्यात अर्थ आहे की नाही, तेच ठरते. नीतिसमितीची मान्यता पहिल्या रुग्णापूर्वीची असावी लागते; मागाहून ती घेता येत नाही. सीटीआरआय १ एप्रिल २०१८ पासून केवळ पूर्वनोंदणीच स्वीकारते. पहिला रुग्ण त्यानंतरचा असून नोंदणी झालेली नसेल, तर शब्दकौशल्याने तो दोष झाकता येत नाही. संपादकांस तसे स्पष्ट कळविणे एवढेच हाती राहते.

सुदैवाने दोन्ही कागद होते व तारखाही योग्य क्रमाने होत्या. निबंधात त्यांचा उल्लेख तेवढा राहिला होता. मग दुसरे पत्र धाडले. त्यात प्रत्येक मागणीपुढे मुद्द्याचा क्रमांक व कारण लिहिले.

विभागणीबाबत मी असे विचारले : ‘रुग्ण आल्यावर तो कोणत्या गटात जाईल, हे कोणी, केव्हा व कशावरून ठरविले? जसे घडले तसे दोन वाक्यांत लिहा.’ ‘संगणकाने काढलेल्या यादृच्छिक क्रमाने विभागणी केली का?’ असे विचारणे मुद्दाम टाळले, कारण त्या प्रश्नातच सोयीचे उत्तर दडलेले आहे. मित्राचे उत्तर आले : सम तारखेस आलेला रुग्ण एका गटात, विषम तारखेस आलेला दुसऱ्या गटात. यास यादृच्छिक विभागणी म्हणता येत नाही. उद्या कोणता गट आहे हे वैद्यास आधीच ठाऊक असते, आणि नकळत एखाद्या रुग्णास ‘परवा या’ असे सांगितले जाते. ‘संगणकीय क्रम’ असे ठोकून देण्याचा मोह येथेच होतो. तसे लिहिले असते तर ते असत्य ठरले असते. आम्ही शीर्षकातील व मजकुरातील ‘यादृच्छिक’ हा शब्द काढला, घडलेली पद्धत लिहिली आणि अभ्यासाच्या मर्यादांत तिची नोंद केली.

रास्नेचा प्रश्न औषधालयाचा आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात रास्ना म्हणून प्लूचिया लॅन्सिओलाटा आहे. केरळात मात्र त्या नावाने अल्पिनिया गॅलंगाचा कंद, म्हणजे आपले कोळिंजन, वापरण्याची परंपरा आहे. या दोन सर्वस्वी भिन्न वनस्पती आहेत, म्हणून समीक्षकाची शंका रास्त होती. आम्ही औषधालयाकडे घान क्रमांक, कच्च्या मालाचे खरेदीपत्र आणि त्याच घानातील शिल्लक नमुना असल्यास तो मागितला. मूठभर भरड शिल्लक होती. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांनी ती पाहून ओळख पटविली. ती नसती, तर ‘ओळख केवळ खरेदीपत्रावरून’ असेच लिहावे लागले असते. अभ्यासासाठी औषध देताना प्रत्येक घटकद्रव्याची मूठभर भरड घान क्रमांकासह जपून ठेवावी, एवढे औषधालयचालकांनी केले तरी ही अडचण येत नाही.

क्वाथाबाबतही तेच. शार्ङ्गधरसंहितेत सोळापट पाणी घालून अष्टमांश उरविण्याचा विधी आहे. परंतु ग्रंथात काय आहे हे समीक्षकाने विचारलेले नाही. काढा रुग्णाच्या घरी होत असेल, तर रुग्णास प्रत्यक्ष काय सांगितले होते, तेच उत्तर. ते सूचनापत्र मागवून त्यातील मापे जशीच्या तशी घातली.

हरवलेले पाच रुग्ण व गटांची तुलना

तीस व तीस मिळून साठ, तक्त्यात पंचावन्न. उरलेले पाच कोठे गेले? निबंधात त्यांचा मागमूस नव्हता. केसपेपर पाहिल्यावर तिघांनी प्रवासाच्या अडचणीमुळे येणे थांबविले व क्वाथगटातील दोघांनी द्रवमलप्रवृत्तीमुळे औषध सोडले, असे आढळले. योगात आरग्वध आहे. तेव्हा ही माहिती म्हणजे अभ्यासाचा निष्कर्षच होय. तिच्यामुळे ‘पूर्णतः निर्धोक’ हे शब्द आपोआपच गळाले.

पाचव्या मुद्द्यात अनेकांची गल्लत होते. दोन्ही गटांत वेदना लक्षणीय घटली, यावरून एक गट सरस ठरत नाही. समजा, दहापैकी गुणांकात एका गटात सरासरी ३.१ ची घट झाली व दुसऱ्यात २.६ ची, आणि दोन्हींत घटीचे प्रमाण विचलन २ आहे. गटांतील फरक ०.५ येतो. २७ व २८ रुग्णांवर त्या फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे ०.५४ येते, म्हणजे खरा फरक साधारण उणे ०.६ ते अधिक १.६ यांमध्ये कोठेही असू शकतो. त्यात शून्यही आले. सरसता सिद्ध होत नाही. हे आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. खरे गणित प्रत्येक रुग्णाच्या आधीच्या व नंतरच्या नोंदींवरूनच होते, म्हणून तो तक्ता मागवावा. रुग्णांची नावे नकोत, केवळ क्रमांक असावेत.

उत्तराचा साचा

कागद येईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. पहिल्याच दिवशी साचा करावा : समीक्षकाचा मुद्दा शब्दशः, त्याखाली उत्तर, त्याखाली केलेला बदल व नव्या प्रतीतील पृष्ठ-ओळ. माहिती नसेल तेथे अंदाज न लिहिता ठळक रिकामी जागा सोडावी. उदाहरणार्थ :

मुद्दा ४ : रुग्णसंख्येत विसंगती.
उत्तर : समीक्षकांचे निरीक्षण योग्य आहे. ६० पैकी ____ रुग्णांनी अभ्यास पूर्ण केला. सोडण्याची कारणे : ____ (लेखकाने केसपेपरवरून भरावे).
बदल : पृष्ठ ____, ओळ ____.

रिकामी जागा लेखकास खटकते व तो ती भरतो. अंदाजाने भरलेली जागा मात्र कोणासच खटकत नाही आणि तशीच छापली जाते.

मुदतीचा हिशेब आम्ही असा केला. पहिल्या दोन दिवसांत दोन्ही पत्रे, सातव्या दिवसापर्यंत कागद, नंतरचा आठवडा गणित व दुरुस्तीसाठी, शेवटचा पुनर्वाचनासाठी. सातव्या दिवशी कागद आले नसतील, तर मुदतवाढीची विनंती तेव्हाच करावी. विसाव्या दिवशी केलेली विनंती संपादकांस अडचणीची होते.

आमचे उत्तर अठराव्या दिवशी गेले. त्यात दोन ठिकाणी ‘ही त्रुटी आता दुरुस्त होणे शक्य नाही, ती मर्यादांत नोंदविली आहे’ असे स्वच्छ लिहिले होते. दुसऱ्या फेरीत समीक्षकांचा एकच प्रश्न आला, आणि तो या दोहोंपैकी कशाविषयीही नव्हता.