अडीच तासांचे संमेलन, तीन मिनिटांची रील

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण बहुधा सभागृहाच्या मागच्या टोकाला ट्रायपॉडवर लावलेल्या एका कॅमेऱ्याने होते. दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत सगळे त्यात येते. प्रत्येक कार्यक्रमाचे दहा-दहा सेकंद काढून जोडले, तर मात्र हाती कार्यक्रमपत्रिका येते, गोष्ट येत नाही. गोष्टीसाठी कोणाला तरी काही साधायचे असावे लागते, मध्ये ते हुकण्याची वेळ यावी लागते आणि शेवटी निकाल लागावा लागतो.

असा प्रसंग सापडायचा तर काहीही कापण्याआधी सगळे चित्रीकरण वही घेऊन पाहावे लागते. समजा, वहीत नोंद झाली: ‘४७:१०, सातवीचे लेझीम, ढोलाची गती वाढते, मागची रांग चुकते, पुढची मुलगी मान वळवून आकडे मोजते, ४७:५० ला रांग जुळते.’ रीलचा गाभा हाच. आता भाषणे आणि बक्षिसे बिनदिक्कत वगळावीत. एखाद्या शिक्षकाच्या फोनवर फेटे बांधतानाचे चित्रण असेल, तर त्यात ती मुलगी शोधावी. सुरुवातीलाच ती ओळखीची झाली नाही, तर पुढे तिचे मान वळवणे कोणाच्या लक्षातही येणार नाही. फेट्यांना ४० सेकंद, प्रवेशाला ३०, चुकण्या-सावरण्याला पूर्ण ६०, शेवटच्या द्रुत फेरीला ४० आणि टाळ्यांना १० अशी वाटणी पुरते.

जोडकाम आवाजापासून सुरू करावे, कारण ठेका तुटला की कानाला ते लगेच खटकते. चुकण्या-सावरण्याचा आवाज अखंडच ठेवावा. इतरत्र काप घ्यावा तो ढोलाच्या ठोक्याच्या किंचित आधी, म्हणजे नव्या ठोक्याखाली जोड झाकला जातो. फेटे दिसत असतानाच दोन सेकंद आधी ढोल ऐकू येऊ लागला, तर रंगमंचापर्यंतचा प्रवास वेगळा दाखवावा लागत नाही.

एकाच कॅमेऱ्याचे दोन तुकडे शेजारी ठेवले, तर मुले जागच्या जागी उडी मारल्यासारखी दिसतात. मध्ये प्रेक्षकांचे दृश्य घालून ही उडी लपवता येते, पण ते त्याच लेझीमच्या वेळचे असावे. दुसऱ्या नाचाच्या टाळ्या इथे आणणे म्हणजे घडले नाही ते दाखवणे. मुलीचा क्लोजअप मूळ चित्रातूनच काढता येतो: चित्रण ४के असेल आणि रील १०८० ची असेल, तर चित्र दुप्पट मोठे करूनही स्पष्ट राहते, मूळच १०८० असेल, तर थोडे वाढवताच चेहरा धूसर होऊ लागतो.

कच्ची रील संमेलनाला न आलेल्या माणसाला दाखवावी. ‘ती मागे का बघते?’ असे त्याने विचारले, तर रांग चुकल्याचे दृश्य फार लवकर कापले गेले आहे. ते तीन-चार सेकंद लांबवावे. रील शाळेबाहेर जाणार असेल, तर त्याआधी चेहरे ओळखू येणाऱ्या मुलांच्या पालकांची संमती घ्यावी.