न निघालेल्या कोळशाचे भाडे

कोळशाची खाण पहिल्या दिवसापासून कोळसा देत नाही. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये नवी खाण सुरू करायची, तर आधी विहिरीसारखा खोल उभा बोगदा खणावा लागे, पाणी उपसावे लागे. थर हाती लागेपर्यंत काही वर्षे सहज निघून जात. जमिनीखालचा कोळसा तेव्हा तिथे बहुधा जमीनमालकाचा असे आणि खाणवाला त्याला टनामागे रॉयल्टी देई. पण कोळसाच निघाला नाही तर? किंवा कोणी पट्टा घेऊन जमीन नुसतीच अडवून बसला तर? म्हणून करारात किमान भाडे लिहिले जाई. माल निघो न निघो, वर्षाला तेवढी रक्कम मोजायचीच.

एक कल्पित हिशेब पाहू. रॉयल्टी टनाला 6 पेन्स, म्हणजे 40 टनांना एक पौंड. किमान भाडे वर्षाला 1,000 पौंड. पहिल्या वर्षी 8,000 टन निघाले, रॉयल्टी झाली 200 पौंड. मालकाला मात्र 1,000 द्यावे लागले. वरचे 800 म्हणजे ‘शॉर्ट वर्किंग्ज’. दुसऱ्या वर्षी 24,000 टनांची रॉयल्टी 600 पौंड, म्हणजे आणखी 400. खाणवाल्याने न निघालेल्या कोळशापोटी आता 1,200 पौंड जास्त भरले आहेत.

ही रक्कम पुढच्या रॉयल्टीतून वळती करून घेता येते. तिसऱ्या वर्षी 52,000 टनांची रॉयल्टी 1,300 झाली. खाणवाल्याने 300 कापून 1,000 दिले. चौथ्या वर्षी 1,500 पैकी 500 कापले. किमान भाड्याच्या वरचेच कापता येते, त्यामुळे मालकाच्या हाती हजारापेक्षा कमी कधीच पडत नाही.

अजून 400 पौंड बाकी आहेत. करारात वळतीची मुदत पहिल्या चार वर्षांचीच असेल, तर ते बुडाले. पाचव्या वर्षी 1,600 रॉयल्टी झाली तरी पूर्ण 1,600 भरायचे.

खाणवाल्याच्या वह्यांतली चूक नेमकी इथे होते. वसुलीची आशा आहे तोवर शॉर्ट वर्किंग्ज ताळेबंदात येणे म्हणून, मालमत्तेच्या बाजूला दिसते. मुदत संपल्यावर, किंवा इतका कोळसा निघणारच नाही हे कळल्यावर, ती रक्कम नफा-तोटा खात्यात तोटा म्हणून टाकावी लागते. जुना आकडा वर्षानुवर्षे तसाच बसलेला दिसला, की हिशेबनीस आधी करारातली मुदत वाचतो. संपाच्या काळापुरते किमान भाडे कमी करण्याचे कलम आहे का, हेही तो पाहतो.

ब्रिटनमध्ये 1938च्या कायद्याने कोळशाची मालकी जमीनमालकांकडून काढून घेतली आणि 1942मध्ये ती सरकारी आयोगाकडे गेली. भारतात 1957च्या खाण व खनिज कायद्याचे कलम 9अ याला ‘डेड रेंट’ म्हणते. खाणपट्टाधारकाने डेड रेंट आणि रॉयल्टी यांतली मोठी रक्कम भरायची. इथे मागच्या वर्षांची तूट पुढे ओढण्याची सोय त्या कलमात नाही.